वारस कोणाचे, फी कोणाला?

घोडेगावच्या झेरॉक्सच्या दुकानात एका काकांनी प्लॅस्टिकच्या फाइलमधून कागद काढले. वर सातबारा, त्याखाली डिंभे धरणात गेलेल्या जमिनीचे जुने कागद, आणि तळाशी एका ईमेलची प्रत. त्यांच्याच आडनावाचा कुणी लंडनमध्ये विमान अपघातात वारला, त्याला वारस नाही, बँकेत ४५ लाख पौंड पडून आहेत, असं एक वकील कळवत होता. काका म्हणाले, "खोटंच असेल. पण विचारून बघायला काय जातं?"

अशा पत्रांना अडाणी माणसंच फसतात, हा गैरसमज. १९९५ ते १९९८ या काळात ब्राझीलमधल्या बांको नोरोएस्टे बँकेच्या एका संचालकाने नायजेरियात कधीच न होणाऱ्या विमानतळासाठी सुमारे २४ कोटी डॉलर पाठवले. त्याला १ कोटी डॉलर दलालीचं आमिष होतं, आणि समोरचा स्वतःला तिथल्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर म्हणवत होता. संचालकाचं शिक्षण कमी नव्हतं, बँकेचे व्यवहार तर रोजचेच होते.

आशेला आधीच्या अनुभवाचा आधार लागतो. भीमाशंकरच्या पायथ्याला, जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यांत, खरे पैसेसुद्धा अडकलेलेच असतात. धरणाचा मोबदला, वारस नोंद, एखादं अनुदान, सगळं हेलपाटे घातल्यावर येतं, आणि मध्ये "एक कागद कमी आहे" हे ऐकावं लागतं. त्यामुळे "रक्कम मंजूर आहे, फक्त एक अडचण आहे" हे वाक्य इथल्या माणसाला खटकत नाही. ते त्याने आयुष्यभर ऐकलेलं असतं.

पत्र इतकं ढोबळ का असतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी त्याचा हिशोब मांडला. ईमेल लाखोंना पाठवणं जवळजवळ फुकट असतं, महाग पडतं ते उत्तर देणाऱ्यामागे आठवडे घालवणं. म्हणून गोष्ट मुद्दाम अचाट ठेवायची, म्हणजे शंकेखोर सुरुवातीलाच गळतात. पत्र म्हणजे चाळण, आणि तिच्यात उरलेल्यांवरच खरी मेहनत होते. काकांच्या "विचारून बघू"ची वाट तो वकील पाहतच होता.

उत्तर गेलं की पुढचं कसं घडतं? समजा पहिल्यांदा १२,००० रुपये मागितले, 'मृत्युपत्राच्या नोंदणीसाठी'. ते गेल्यावर 'कर' म्हणून ३५,०००. आता माणूस ४५ लाख पौंडांचा विचार करत नाही, गेलेल्या १२,००० चा करतो. थांबलो तर ते बुडाले, भरले तर कदाचित सुटतील. तिसऱ्या मागणीला तो कर्जही काढतो.

"एवढ्या पैशांवर कर भरावा लागणारच ना?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण भारतात वारसा कर १९८५ पासून नाही. लॉटरी लागल्याच्या पत्रांचंही तेच: लॉटरीच्या रोख बक्षिसावरचा ३० टक्के कर बक्षिसातूनच कापून घेतात, विजेत्याकडून आधी मागत नाहीत. बक्षीस गाडीसारखी वस्तू असेल तर ती देण्याआधी कर भरावा लागतो, आणि ठग याच फटीचा फायदा घेतात. परदेशी लॉटरीसाठी भारतातून पैसे पाठवायला तर फेमा कायद्याखालच्या नियमांनुसार बंदीच आहे. रिझर्व्ह बँकेत तुमच्या नावाने रक्कम ठेवली आहे, असंही पत्र येतं. ती बँक सामान्य माणसाच्या नावाने ठेवीचं खातं उघडत नाही.

मी काकांना सातबारा दाखवला. वडील गेल्यावर वारस नोंद कशी केली? मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार. म्हणजे आधी मयत माणूस ठाऊक होता, कागद नंतर आले. इथे आधी रक्कम आली, आणि मयताशी नातं म्हणावं तर नुसतं आडनाव. आंबेगावात त्यांच्या आडनावाची गावंच्या गावं आहेत!

उत्तर देऊन त्या ठगाला चार शब्द सुनावावेत असं वाटतं. तेही नको. शिवी दिली तरी पत्ता चालू आहे, वाचणारा माणूस आहे, हे त्याला कळतं. जोडलेली फाइल उघडू नये, आधार-पॅनचे फोटो पाठवू नयेत, पत्र 'स्पॅम'मध्ये टाकावं. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्यामागचा पत्ता दिसतो, आणि बँकेचं नाव लावून साधा जीमेलचा पत्ता असला तर निकाल लागला. पत्ता बरोबर दिसला म्हणून मात्र विश्वास ठेवू नये, तोही बनावट लावता येतो.

पैसे गेलेच असतील तर लाजेपायी दिवस काढू नयेत. व्यवहार क्रमांक घेऊन लगेच 1930 वर फोन करावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी, बँकेलाही कळवावं. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं. आणि काही दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिने विकलेल्या यादीवरून आलेला असतो.

काकांनी ईमेलची प्रत उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर त्यांनी यंदाच्या हिरड्याचा हिशोब लिहायला घेतला.