नाणं, उडी आणि गँडाल्फ

ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) व्हिन पोटातलं पोलाद ‘जाळून’ धातूला दूर ढकलते. नाणं हलकं असेल तर ते उडतं. पण तेच जमिनीला टेकलं की उलट व्हिनच वर फेकली जाते. हा नियम आधीच कळल्यामुळे ती नाणं टाकून भिंत ओलांडते तेव्हा वाचक तिच्या डोक्याला दाद देतो. पोलाद संपलं, तर सुटकाही नाही.

टॉल्किनच्या गँडाल्फची ताकद नेमकी किती, हे कधीच कळत नाही. म्हणूनच त्याचा दरारा वाटतो. पण त्यानेच मंत्राने अंगठी वितळवली असती, तर वाचक चिडला असता. टॉल्किन ती गॉलमच्या हव्यासामुळे आगीत पाडतो. ही हाव आपण केव्हापासून पाहत आलेलो असतो.