एकच यादी, दोन आकडे : नाव खरंच वगळलंय की नुसतं दिसत नाही?

अतिवृष्टीच्या मदतीची यादी आली की तहसील कार्यालयात एक प्रकार हमखास घडतो. एका टेबलावर नाव सापडतं, शेजारच्या टेबलावर सापडत नाही. गावात लगेच चर्चा सुरू होते की यादीत घोळ झाला. घोळ असतोही कधी कधी, पण बऱ्याचदा कारण संगणकात असतं.

समजा, दोन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी बाधित शेतकऱ्यांचा तोच रिपोर्ट काढला. पहिल्याला १,२४० नावं दिसली, दुसऱ्याला १,१८७. म्हणजे ५३ शेतकरी कमी.

दुसऱ्या कर्मचाऱ्याने आठवडाभरापूर्वी बँकेला माहिती पाठवायची म्हणून 'खाते पडताळणी झालेले' एवढेच शेतकरी निवडले होते. ही चाळणी, म्हणजे फिल्टर, त्याच्या लॉगिनमध्ये सेव्ह होऊन राहिली. पुढच्या वेळी रिपोर्ट उघडला तो चाळूनच. फिल्टर काढल्यावर आकडा १,२१२ झाला, २५ नावं परत आली. ज्यांची खाते पडताळणी बाकी होती, तेच हे शेतकरी. नेमकं ज्यांनी कार्यालयात यायला हवं, त्यांनाच "तुमचं नाव नाही" असं उत्तर मिळत होतं!

तरीही २८ कमीच. मग दोघांनी गावनिहाय बेरीज काढून शेजारी शेजारी ठेवली. १४ गावं तंतोतंत जुळली. पंधरावं गाव दुसऱ्याच्या यादीत नव्हतंच, आणि त्या गावचे शेतकरी होते २८. त्याच्या लॉगिनला १४ गावांचीच परवानगी होती. फिल्टर निदान शोधला तर स्क्रीनवर सापडतो. परवानगीचं तसं नाही. ज्या ओळी बघायचा अधिकार नाही त्या बहुतेक वेळा गुपचूप गायब असतात, कसलीही सूचना येत नाही. कर्मचाऱ्याला वाटतं, आपल्यासमोर आहे तीच पूर्ण यादी. ही परवानगी त्याला स्वतःला बदलता येत नाही, लॉगिन देणाऱ्या वरिष्ठांकडूनच ती वाढवून घ्यावी लागते.

ओळखायची खूण साधी आहे. गावागावातून एक-दोन नावं कमी असतील तर आधी फिल्टर बघावा. अख्खं गावच नसेल तर परवानगीचा संशय घ्यावा. यादी एक्सेलमध्ये असेल तर डावीकडचे ओळींचे क्रमांक बघा. ४ नंतर एकदम ९ आला आणि आकडे निळे दिसले, की फिल्टर लागलेला आहे. दोन रिपोर्ट वेगवेगळ्या वेळी काढले असतील तर मात्र मधल्या काळात नवीन नोंदी झाल्यानेही फरक पडतो, म्हणून वेळ आधी बघावी.

शेतकऱ्याने "भाऊसाहेब, माझं नाव आहे का?" एवढंच विचारून परत फिरू नये. "फिल्टर काढून बघा, आणि आमच्या गावची एकूण नावं किती दिसतात ते सांगा" असं विचारावं. उत्तर शून्य आलं, तर दुसऱ्या लॉगिनमधून तपासायला सांगावं. गावची नावं दिसतात, फिल्टरही काढलाय आणि तरी आपलं नाव नाही, तर मात्र ते खरंच राहिलंय. मग पंचनाम्याची नोंद दाखवून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.