निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन आणि रिट याचिका: १९७१ ते २०१६

शिक्षण विभागाने अडवलेले निवृत्तिवेतन मागण्यासाठी आज शिक्षक उच्च न्यायालयात ज्या आधारावर रिट याचिका, म्हणजे शासनाला कायदेशीर कर्तव्य पार पाडण्यास भाग पाडणारा आदेश मागणारा अर्ज, दाखल करतो, तो आधार १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यातून आला. सहायक शिक्षक म्हणून सेवेत आलेल्या आणि पुढे शाळा निरीक्षणाच्या पदावर गेलेल्या या कर्मचाऱ्याला, पाच वर्षांहून अधिक काळ गैरहजर असल्याने त्याची सेवा संपली, असे कारण देऊन निवृत्तिवेतन नाकारण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, असे ठरवले. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला, तरी अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता हिरावता येत नाही, आणि याच अनुच्छेदावर २०१३ मध्ये झारखंडच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बोट ठेवले.

हक्क मान्य झाला, पण उशिराची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर केरळ राज्य विरुद्ध पद्मनाभन नायर या खटल्यात मिळाले. नायर १९७३ च्या मे महिन्यात निवृत्त झाले, रक्कम मात्र १९७५ च्या ऑगस्टमध्ये हाती आली, कारण अंतिम वेतन प्रमाणपत्र, म्हणजे शेवटी घेतलेल्या पगाराचा कार्यालयीन दाखला, वेळेत तयार झाला नव्हता. हा दाखला देणे कार्यालयाचेच काम असल्याने निष्काळजीपणाचा भार कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि निवृत्तीनंतर दोन महिने उलटले की व्याज सुरू व्हावे, असा दंडक सांगितला. नायर यांनी मागितले होते १२ टक्के, खालच्या न्यायालयांनी दिले ६ टक्के, आणि त्यांनी त्याविरुद्ध प्रतिआक्षेप न घेतल्यामुळे, इच्छा असूनही सर्वोच्च न्यायालयाला दर वाढवता आला नाही. म्हणूनच याचिकेच्या मागण्यांत व्याजाचा दर आणि आरंभदिनांक स्वतंत्रपणे लिहिणे अत्यावश्यक ठरते. महाराष्ट्रात १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील १२९-अ आणि १२९-ब हे नियम उपदान, म्हणजे सेवेच्या शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, आणि निवृत्तिवेतन यांवरील विलंबव्याजाची तरतूद करतात, त्यामुळे येथील याचिकेला नियमाचाही आधार मिळतो.

अडवणुकीचे दुसरे, आणि अधिक क्लेशकारक, रूप निवृत्तीच्या वेळी होणाऱ्या वेतनपडताळणीत दिसते, जिथे अनेक वर्षांपूर्वी कार्यालयानेच केलेली वेतननिश्चिती चुकीची ठरवून ‘जादा’ रक्कम उपदानातून कापली जाते. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या २०१४ च्या निकालाने निवृत्तांकडून, तसेच तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करण्यास मज्जाव केला. मात्र २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात, जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र लिहून देणारा अधिकारी त्या हमीपत्राने बांधला जातो, असे ठरल्यामुळे, सेवापुस्तकात असे हमीपत्र आहे का, हे वकिलाला आता आधी पाहावे लागते.