तीन खणांचा भागाकार

तारेवरून ११०१००१ असे सात बिट आले. वाटेत एखाद्या १ चा ० झाला असेल, तर घेणाऱ्या यंत्राला ते कळणार कसे? ताडून पाहायला मूळ संदेश त्याच्याजवळ नसतो. त्याच्याजवळ असतो तो फक्त दोघांनी आधी ठरवलेला भाजक. इथे तो १०११ धरू.

खरा संदेश पहिल्या चार बिटांचा, ११०१. पाठवणाऱ्याने त्यापुढे तीन शून्ये लावून १०११ ने भाग दिला. हा भागाकार शाळेतल्यासारखाच, फक्त वजाबाकीत हातचा नाही: दोन बिट सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. बाकी आली ००१, आणि ती शून्यांच्या जागी बसली. त्यामुळे सातही बिटांना आता १०११ ने निःशेष भाग जातो.

घेणारा हा भागाकार शिफ्ट रजिस्टरवर करतो. १९६१ मध्ये पीटरसन आणि ब्राउन यांनी चक्रीय कोडांवरच्या लेखात अशाच मंडलांचे वर्णन केले होते. रजिस्टरमध्ये एकेक बिट धरणारे तीन खण असतात आणि सुरुवातीला तिन्ही शून्य असतात. प्रत्येक ठोक्याला सगळे बिट एक घर डावीकडे सरकतात, डावीकडचा बाहेर पडतो आणि उजवीकडून नवा आत येतो. बाहेर पडलेला बिट १ असेल, तर उरलेल्या तिघांवर ०११ चा संस्कार होतो, म्हणजे उजवीकडचे दोन बिट उलटतात. भाजक १०११ एकदा वजा केला, एवढाच त्याचा अर्थ.

```
आला   रजिस्टर
१      ००१
१      ०११
०      ११०
१      ११०
०      १११
०      १०१
१      ०००
```

चौथी ओळ जवळून पाहावी. ११० मधला डावा १ बाहेर पडला, मागे १० राहिले, नवा १ आत आला आणि १०१ झाले. बाहेर पडलेला बिट १ होता, म्हणून उजवीकडचे दोन उलटले आणि पुन्हा ११० उरले. शेवटच्या ठोक्याला बाकी शून्य आली, म्हणून संदेश स्वीकारला.

आता वाटेत तिसरा बिट बिघडून ११११००१ आले असे समजू. त्याच रजिस्टरमध्ये ००१, ०११, १११, १००, ०११, ११० आणि शेवटी पुन्हा ११० असे आकडे दिसतात. बाकी शून्य नाही, म्हणजे बिघाड पकडला गेला.

पण चौथा, सहावा आणि सातवा हे तीन बिट एकदम उलटले, तर ११०००१० येते, आणि बाकी शून्यच राहते! त्या चुकीचा आकार हुबेहूब १०११ आहे, म्हणजे मूळ संदेशात भाजकच मिसळला गेला. सलग तीन बिटांच्या पट्ट्यात कोणतीही चूक झाली तरी हे रजिस्टर ती नक्की पकडते. चार बिटांच्या पट्ट्यात मात्र नेमकी ही एक आकृती निसटते. इथरनेटमधली बाकी ३२ बिटांची असते, त्यामुळे तिथे ३२ बिटांपर्यंतच्या पट्ट्यातली कोणतीही चूक सुटत नाही.