पाच मिनिटं थांबायचं कशाला?

बँकेचा ओटीपी येतो तेव्हा त्याखाली लिहिलेलं असतं : पाच मिनिटांसाठी वैध. ही अट प्रोग्रॅममध्ये एका ओळीत लिहून होते. ती पाळली जाते का हे तपासायचं, तर बरेच प्रोग्रॅमर टेस्टमध्ये `sleep(301)` लिहून मोकळे होतात. संगणक 301 सेकंद डुलकी काढतो, मग ओटीपी देऊन तो नाकारला जातो का हे पाहायचं. अशा वीस टेस्ट एकामागून एक चालवल्या की एक तास चाळीस मिनिटं गेलीच.

वेळ जातो ते एक वेळ चालेल, पण या पद्धतीने मोक्याचा क्षण कधीच तपासता येत नाही. नेमकी 300 सेकंदं झाल्यावर ओटीपी चालायचा की नाही? प्रोग्रॅमरने `<` ऐवजी `<=` लिहिलं तर फरक पडतो तो इथेच. `sleep` म्हणजे ‘किमान इतका वेळ थांब’. जाग यायला चार मिलिसेकंद जास्त लागतील की चाळीस, याची खात्री कोणी देत नाही. त्यामुळे 300व्या सेकंदावर नेमकं बोट ठेवता येत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. प्रोग्रॅमने वेळ थेट ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायची नाही; घड्याळ बाहेरून त्याच्या हाती द्यायचं.

```js
function isValid(otp, clock) {
  return clock.now() - otp.sentAt < 300000;
}
```

प्रत्यक्ष वापरात हे घड्याळ खरं असतं, टेस्टमध्ये खोटं. खोट्या घड्याळाचे काटे आपण फिरवायचे. 2,99,999 मिलिसेकंदांवर उत्तर ‘चालेल’ यायला हवं आणि 3,00,000 वर ‘नाही’. दोन्ही तपासण्या क्षणात होतात, आणि कितीही वेळा चालवल्या तरी निकाल तोच येतो. जावा 8 मध्ये, म्हणजे 2014 साली, `java.time.Clock` आलं ते मुख्यतः अशी घड्याळाची अदलाबदल करता यावी म्हणूनच.

गुंता वाढतो तो ओटीपी पाठवताना. समजा एसएमएस सेवेने पहिल्यांदा नकार दिला, तर प्रोग्रॅम एक सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, मग दोन सेकंद, मग चार. सगळे मिळून सात सेकंद. जावास्क्रिप्टमधल्या जेस्ट या साधनात खोटं घड्याळ आयतं मिळतं. म्हणून नवखा प्रोग्रॅमर `jest.advanceTimersByTime(7000)` लिहून घड्याळ एका दमात सात सेकंद पुढे ढकलतो. आणि टेस्ट लटकते. जेस्ट नेहमीची पाच सेकंदांची मुदत संपेपर्यंत वाट पाहतं आणि टेस्ट नापास करतं.

प्रोग्रॅम बरोबर असूनही असं का व्हावं? एक सेकंदाचा टायमर लागतो तो पहिला नकार प्रोग्रॅमपर्यंत पोचल्यावर. तो नकार प्रॉमिसच्या रांगेत उभा असतो, आणि आपण काटे फिरवत असताना रांग पुढे सरकतच नाही. सात सेकंदं ‘उलटली’ तेव्हा वाजायला एकही टायमर लावलेला नव्हता. तो लागला त्यानंतर, आठव्या सेकंदासाठी, आणि तिथवर घड्याळ नेणारं कोणीच उरलं नाही. अशा वेळी वापरायचं ते `advanceTimersByTimeAsync`. ते एका टायमरवर थांबतं, रांगेतली कामं होऊ देतं, त्यातून नवा टायमर लागला तर तो हिशेबात घेतं आणि मगच पुढे जातं. टेस्टमध्ये त्याच्याआधी `await` लिहायला विसरू नये. हे विसरणं फार सोपं आहे.

गो भाषेच्या 1.25 आवृत्तीत (2025) आलेलं `testing/synctest` याहून हुशार आहे. त्यात काटे आपण फिरवायचेच नाहीत. टेस्टमधलं प्रत्येक काम कशाची तरी वाट पाहत थबकलं, की घड्याळ आपणहून पुढच्या टायमरवर उडी मारतं.

पण वाट नेहमी वेळेचीच असते असं नाही. एसएमएस पाठवण्याचं काम दुसऱ्या रांगेत टाकलं असेल, तर ‘दोन सेकंदांत होईल’ असा अंदाज बांधून झोपणं धोक्याचं. आपल्या लॅपटॉपवर ते जमतं, पण कामाने वाकलेल्या सर्व्हरवर मध्येच फसतं. काम झाल्याचा इशारा रांगेकडूनच घ्यावा आणि तो आला की लगेच पुढे जावं. दहा सेकंदांची मर्यादा घालावी, पण ती अडकलेली टेस्ट सोडवण्यापुरती. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये अपाची प्रकल्पांतल्या लहरी, म्हणजे कधी पास तर कधी नापास होणाऱ्या टेस्टचा अभ्यास केला. त्यांनी वर्गवारी केलेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे 45 टक्क्यांत मूळ दोष काम पुरं व्हायची नीट वाट न पाहण्याचा होता.

खोट्या घड्याळाची सत्ता मात्र आपल्या प्रोग्रॅमपुरती. मुदतीची तपासणी डेटाबेसमध्ये `NOW()` ने होत असेल, तर तो आपल्या सर्व्हरचं खरं घड्याळच पाहणार. अशा ठिकाणी वेळ प्रोग्रॅमकडून क्वेरीत पाठवावी, किंवा टेस्टपुरती ओटीपीची नोंदच सहा मिनिटं जुनी करून ठेवावी.

तुमच्याकडे टेस्टचा जुना साठा असेल, तर त्यात `sleep` शोधा आणि प्रत्येकापाशी विचारा : ही वाट घड्याळाची आहे की कुठलं तरी काम संपण्याची? घड्याळाची असेल तर खोटं घड्याळ लावा, कामाची असेल तर इशारा घ्या.