हॉटेलची आग आणि विमा कंपनीचं परिपत्रक

समजा, विमा कंपनीच्या एका विभागीय कार्यालयाने दोनशे हॉटेलांचे आगीचे विमे उतरवले. सरासरी हप्ता २० हजार, म्हणजे जमा ४० लाख. त्या वर्षात एका आगीत ५५ लाखांची भरपाई गेली, किरकोळ आगींत आणखी १५ लाख. असं लागोपाठ दोन-तीन वर्षं झालं, की मुख्यालयातून अंडररायटरांना, म्हणजे कुठली जोखीम कोणत्या दराने घ्यायची हे ठरवणाऱ्यांना, अंतर्गत परिपत्रक येतं: यापुढे हॉटेलांचे प्रस्ताव पारखून घ्या.

नुसता दर वाढवून भागत नाही. पंचवीस टक्के वाढवला तरी जमा होतात ५० लाख, आणि वाढीव हप्त्याला कंटाळून आधी जातो तो नीटनेटका मालक. त्याला दुसरी कंपनी हसत घेते. म्हणून खरा भर निवडीवर असतो. इडली-डोसा विकणारं उडुपी आणि रात्री दोनपर्यंत तंदूर नि तळण चालणारा भटारखाना, कागदावर दोन्ही ‘उपाहारगृह’च.

अंडररायटरची नजर शेगडीपेक्षा वरच्या डक्टवर असते. तळणाची वाफ थंड होऊन डक्टमध्ये ओशट थर साचतो. कढईने पेट घेतला की ज्वाळा हूडमधून त्या थराला लागते आणि आग वरच्या मजल्यांकडे धावते. कोळशाच्या तंदुरीच्या ठिणग्यांनाही तोच रस्ता सापडतो. म्हणूनच अमेरिकेतल्या एनएफपीए ९६ या मानकात लाकूड-कोळशावरच्या चुलींचे डक्ट दरमहा आणि भरपूर तळण असलेल्यांचे दर तिमाहीला तपासायला सांगितले आहेत.

मालक सफाईचं बिल दाखवतो. पण डक्टला आत शिरायला झडपच नसेल, तर पुसला गेला तो फक्त हूड. सांध्यांतून तेल ठिबकत असेल तर बिल बघायचीही गरज नाही. महाराष्ट्रात दर जानेवारी-जुलैला द्यायचा फॉर्म बी अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला देतो. डक्टमधला ओशटपणा त्यातून कळत नाही.

पुढचा प्रश्न, कढईवर काय बसवलंय? कोरड्या पावडरीने ज्वाळा विझते, पण वनस्पती तेल तापलेलंच राहतं आणि पुन्हा भडकतं. अमेरिकेत १९९४ साली यूएल ३०० ही कठोर चाचणी आली ती यामुळेच. आता ओलं रसायन फवारतात. तेलाशी मिळून त्याचा साबणासारखा फेस होतो, तो तेल झाकतो आणि थंडही करतो. सोबत गॅस आपोआप बंद व्हायला हवा, नाहीतर खालून आच चालूच.

परिपत्रकाची एक बाजू मला खटकते. ‘दर तीन महिन्यांनी डक्टसफाई’ ही अट पॉलिसीत बारीक अक्षरांत जाते, एजंट ती सांगत नाही, आणि मालकाला ती कळते दावा अडल्यावर. त्यापेक्षा पॉलिसी देण्याआधी आणि दर नूतनीकरणाला डक्टच्या आतला फोटो मागावा. तो देता येत नसेल, तर झडप नाही हेही तिथेच कळतं.