इन्नचा अंमल

मराठीत आपण ‘काय खबर?’ असं सहज विचारतो. अरबी व्याकरणात हाच शब्द पारिभाषिक आहे. वाक्याची सुरुवात ज्याने होते तो ‘मुब्तदा’ आणि त्याच्याविषयी जे सांगायचं ती ‘खबर’. ‘अल्-बैतु कबीरुन्’ म्हणजे घर मोठं आहे. अल्-बैतु, घर, हा मुब्तदा. कबीरुन्, मोठं, ही त्याची खबर. (आपल्या संत कबीरांच्या नावातला शब्द तो हाच.) ‘आहे’साठी इथे शब्दच नाही. नाम आणि त्याची बातमी शेजारी ठेवली की अरबी वाक्य उभं राहतं.

दोन्ही शब्दांच्या शेवटी उकार आहे, तो त्यांच्या विभक्तीची खूण. अरबी नामाला विभक्ती तीनच. साधारणपणे उकार आला की कर्ता, अकार आला की कर्म आणि इकार आला की कुणाचं तरी किंवा कशात तरी. आपल्या प्रथमा-द्वितीयेशी हे ढोबळमानाने जुळतं.

आता वाक्याच्या आधी ‘इन्न’ ठेवू. ‘खरोखर’, ‘निश्चितपणे’ असा त्याचा अर्थ. वाक्य होतं: ‘इन्न-ल्-बैत कबीरुन्’. बैत-मधला शेवटचा अकार संस्कृतातल्या ‘गच्छ’सारखा पूर्ण उच्चारायचा. घर तेच, मोठेपण तेच आणि कुणी कुणाला काही केलेलंही नाही. तरीही ‘बैतु’चं ‘बैत’ झालं, कर्त्याच्या अंगावर कर्माचा पोशाख आला. खबर मात्र होती तशीच, कबीरुन्.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना उपपद विभक्ती आठवेल. ‘नमः’ आलं की चतुर्थी, ‘धिक्’ आलं की द्वितीया. पण तिथे विभक्ती बदलते ती वाक्यातल्या दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाची. ‘इन्न’ थेट मालकालाच हात घालतं.

या परिणामाला अरबी व्याकरणकार ‘अमल’ म्हणतात. हा आपलाच अंमल, अंमलदार आणि अंमलबजावणीतला. विभक्ती घडवणारा शब्द तो ‘आमिल’, अंमल चालवणारा. आणि इन्नच्या ताब्यात आल्यावर त्या बिचाऱ्या मुब्तदाला मुब्तदा म्हणत नाहीत. तो होतो ‘इन्नचा इस्म’. इस्म म्हणजे नाम. पोलिसांच्या पंचनाम्यात सापडणारा ‘अनोळखी इसम’ याच शब्दातून आला.

हा अधिकार एकट्या इन्नचा नाही. परंपरेत ‘इन्न आणि तिच्या बहिणी’ असंच म्हणतात आणि बहिणी धरून एकूण सहा जणी होतात. ‘अन्न’ म्हणजे ‘की’ (आपल्या जेवणाशी संबंध नाही), ‘कअन्न’ म्हणजे जणू, ‘लाकिन्न’ म्हणजे पण, ‘लैत’ म्हणजे असं असतं तर किती बरं झालं असतं, आणि ‘लअल्ल’ म्हणजे कदाचित, बहुधा. आठव्या शतकात बसऱ्यात शिकलेल्या सीबवैहने आपल्या ग्रंथात त्या पाचच मोजल्या, कारण इन्न आणि अन्न त्याने एकच धरले. सीबवैह जन्माने इराणी होता, आणि त्याचा ग्रंथ अरबी व्याकरणात नुसता ‘किताब’ म्हणून ओळखला जातो.

अव्ययांच्या हाती एवढी सत्ता कशी आली, याचं जुन्या पंडितांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्यांच्या मते या सहा जणी क्रियापदासारख्या दिसतात आणि वागतात. अरबी भूतकाळी क्रियापद ‘कतब’ (त्याने लिहिलं) जसं अकारात संपतं, तशाच या सगळ्या अकारात संपतात. ‘मला’ जोडायचं तर क्रियापदाला ‘नी’ लागतं आणि नामाला नुसती ‘ई’. किताबी म्हणजे माझं पुस्तक, पण ‘मी श्रीमंत असतो तर’ हे होतं ‘लैतनी ग़निय्युन्’, क्रियापदासारखंच ‘नी’ लावून. अर्थही क्रियेचाच: मी ठासून सांगतो, मी इच्छितो, मी आशा करतो. म्हणून त्यांचं औपचारिक नाव ‘क्रियापदासारखी अव्ययं’. पण नक्कल ती नक्कलच. खऱ्या क्रियापदामागे आधी उकारी कर्ता आणि मग अकारी कर्म येतं. यांना उलटा क्रम मिळाला, आधी अकारी आणि मग उकारी.

इथवर सोपं आहे. मी शिकताना पडलो तो पुढच्या वाक्यात. ‘घरात एक माणूस आहे’ हे अरबीत ‘फ़ी-ल्-बैति रजुलुन्’. माणूस अनोळखी, म्हणून खबर पुढे येते आणि मुब्तदा मागे जातो. या वाक्याला इन्न लावायला सांगितल्यावर मी लगेच शेजारचा शब्द पकडला: ‘इन्न फ़ी-ल्-बैत रजुलुन्’. एका वाक्यात दोन चुका! बैत हा ‘फ़ी’च्या, म्हणजे ‘मध्ये’च्या, ताब्यात आहे, तिथे इकारच राहणार, इन्नचा हुकूम तिथे चालत नाही. तिचा इस्म पलीकडे बसलेला माणूस आहे. बरोबर वाक्य ‘इन्न फ़ी-ल्-बैति रजुलन्’. मध्ये कितीही शब्द घाला, ‘या जुन्या घरात’ म्हणा, अकार माणसालाच मिळणार. यावर साधा उपाय आहे. इन्न क्षणभर झाकायचं आणि विचारायचं: बातमी कुणाची सांगतोय? ज्याची सांगतोय त्यालाच अकार.

छापील मजकुरात हे सगळं दिसतंच असं नाही, कारण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ‘अल्-बैतु’ आणि ‘अल्-बैत’ कागदावर हुबेहूब सारखे. ‘रजुलन्’ मात्र पकडला जातो, त्याच्या शेवटी अलिफ़ लिहावा लागतो. ‘तुझे वडील’ हे ‘अबूक’, इन्ननंतर ‘अबाक’. इथेही अक्षरच बदलतं. शिक्षक अनेक असतील तर ‘मुदर्रिसून’चं ‘मुदर्रिसीन’ होतं. लिहिणाऱ्याला विभक्ती कळते की नाही हे अशाच जागी ताडता येतं. बोलण्यात तर प्रश्नच मिटतो: आखातात वर्षानुवर्षं राहून कामापुरती अरबी उचललेल्या मराठी माणसाच्या कानावर हे उकार-अकार क्वचितच पडले असतील, कारण बोलींनी ते केव्हाच टाकून दिले. बातम्या, भाषणं आणि ग्रंथांची अरबी ते पाळते.

हा अंमल उठवताही येतो. इन्नला ‘मा’ चिकटलं की ‘इन्नमा’ होतं, अर्थ ‘फक्त’कडे झुकतो आणि सत्ता संपते: ‘इन्नम-ल्-बैतु कबीरुन्’, घर नुसतं मोठं आहे एवढंच. उकार परत आला. ‘मा’ लागल्यावरही इच्छा असेल तर अंमल चालू ठेवण्याची मुभा आहे ती एका लैतला. लाकिन्नचं द्वित्त गेलं आणि नुसतं ‘लाकिन्’ उरलं, तरी तिचा अधिकार जातो. हिंदीतलं ‘लेकिन’ या अधिकार गेलेल्या बहिणीकडून, फारसीच्या वाटेने, आलं.

राहता राहिली खबर. ती आधीही कबीरुन् होती, नंतरही कबीरुन्. मग इन्नने तिचं काही केलं की नाही? बसऱ्याचे पंडित म्हणत, हा उकार आता इन्ननेच दिलेला आहे, तिचा अंमल दोघांवर चालतो. कूफ़्याचे म्हणत, छे, नकली क्रियापदाची ताकद ती किती. एका इस्मावरच ती खर्च होते आणि खबरेचा उकार जुनाच आहे. वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. दोन्ही गावांत वाक्य मात्र एकच म्हटलं जायचं: इन्न-ल्-बैत कबीरुन्.